जीरावनाची बरणी आणि पहिली मेल: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

वहिनीचं पाककृतींचं पत्र दर गुरुवारी इंदूरहून मेलनं वेळेवर जातं. वाचणारे खूप नाहीत, पण आहेत ते मनापासून वाचतात. अडचण नव्या माणसांची आहे. नाव नोंदवल्यावर त्यांना लगेच जी मेल जाते ती मेल पाठवणाऱ्या सेवेनं तयार करून दिलेलीच अजून चालू आहे: ‘नोंदणीबद्दल धन्यवाद, आपले स्वागत आहे.’ त्याखाली एक निळं बटण आणि बटणाखाली सेवेचीच जाहिरात.

शुक्रवारी सकाळी कुणी नाव दिलं तर पुढचं पत्र यायला सहा दिवस. तेवढ्यात तो माणूस आपण नाव दिलं होतं हेच विसरतो. गुरुवारी पत्र येतं तेव्हा ‘ही कोण बाई?’ म्हणून पुसून टाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्पॅममध्ये ढकलतो. नाव टाकल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं अशी असतात की समोरच्याच्या डोक्यात खाणं असतं, फोन हातात असतो आणि आपल्या मेलची तो वाट बघत असतो. ती मिनिटं सध्या धन्यवाद म्हणण्यात जातायत.

वहिनीचा बेत असा: पंचवीस पाककृतींची एक पीडीएफ करायची आणि स्वागताच्या मेलसोबत सगळ्यांना भेट द्यायची. मी नको म्हटलं. पीडीएफ लोक उतरवून ठेवतात, उघडत नाहीत. दुसरं म्हणजे पंचवीस पाककृती एकदम हातात आल्यावर गुरुवारच्या सव्विसाव्या पाककृतीची वाट कोण बघणार? एकच पाककृती द्यावी, पण ती त्याच दिवशी करावीशी वाटेल अशी.

“एकच? लोक म्हणतील कंजूष आहे,” वहिनी.

कांदेनवमी होऊन गेली आहे, घरात चातुर्मास सुरू. तेव्हा चाचण्यांसाठी जो पदार्थ निवडू तो कांदा-लसणाविना होणारा हवा. आईची अट आहे आणि स्वयंपाकघर आईचं आहे.

९ जुलै, बुधवार

पदार्थ ठरवायला बसलो. वहिनीनं भुट्ट्याचा कीस, शिकंजी, दाल-बाफले आणि गराडू अशी नावं काढली. गराडू हा थंडीतला कंद. कीस आत्ता उत्तम होईल, पण ही मेल वर्षभर जाणार आहे. मार्चमध्ये नाव देणाऱ्याला कोवळी कणसं कुठून मिळायची? बाफले म्हणजे कणकेचे गोळे उकडून मग भाजायचे, पहिल्याच भेटीत ते फार होतात. इंदूरची शिकंजी दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. बाहेरगावचा माणूस शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत समजतो, तेव्हा पहिला परिच्छेद समजावण्यातच जाईल.

मग आई म्हणाली, “जीरावन द्या ना. ते असलं की बाकी सगळं इंदुरी होतं.”

हेच हवं होतं. जीरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, तळलेल्या गराडूवर भुरभुरतात तो आंबट-खारट मसाला. याचा ऋतू नाही, कांदा-लसूण नाही, सगळं सामान किराण्यात मिळतं. आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट अशी की पदार्थ खाऊन संपतो, मसाला बरणीत राहतो. स्वागताच्या मेलमधून कुणी जीरावन करून ठेवलं की त्याच्या फळीवर वहिनीची एक वस्तू येऊन बसली. दुसऱ्या मेलमध्ये इंदुरी पोहे द्यायचे, वर जीरावन घालायचं. ज्याच्या घरी बरणी भरलेली आहे त्याला ती मेल उघडायला वेगळं कारण द्यावं लागत नाही.

वहिनीला एक शंका होती आणि ती रास्त होती. “भाऊजी, अर्धवट काहीतरी देऊन लोकांना ताटकळत ठेवायचं नाही. मला ते मालिकेसारखं चालणार नाही.” ठरलं असं की पहिली पाककृती स्वतःच्या पायावर उभी हवी. जीरावन आज केलं तर आजच काकडीच्या चकत्यांवर किंवा ताकात घालून खाता आलं पाहिजे. पोह्यांची मेल कधीच उघडली नाही तरी त्या माणसाचं काही अडू नये.

१२ जुलै, शनिवार

सकाळी जीरावन केलं. वहिनी ते डोळ्यांच्या अंदाजानं करते आणि एका वेळी अर्धा किलो करते. मेलमध्ये लहान प्रमाण हवं, कारण पहिल्यांदा करणारा माणूस अर्धा किलो मसाला करणार नाही.

फार लहान प्रमाणही चालत नाही हे लगेच कळलं. एक मोठा चमचा धणे धरून सगळं मोजलं तर मिक्सरच्या सगळ्यात छोट्या भांड्यातही पात्याला ते लागेना. मसाला कडेला उडून बसायचा आणि मधे पातं नुसतं फिरत राहायचं. चार मोठे चमचे धण्यांवर आलो तेव्हा पातं बुडालं आणि दळण बारीक झालं. एका छोट्या बरणीला तेवढं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट भाजण्याची. धणे, जिरे, बडीशेप, मिरी, लवंग हे मंद आचेवर भाजायचं, पण आमचूर, सुंठ, हळद आणि दोन्ही मिठं कढईत अजिबात घालायची नाहीत. आमचूर तापलेल्या कढईत पडलं की करपतं आणि मसाल्याला कडू वास येतो. आणि भाजलेलं सामान पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही. गरम असताना भांड्याचं झाकण लावलं की आत वाफ धरते, मसाल्याच्या गोळ्या होतात, आणि काळं मीठ ओल ओढून घेतं ते वेगळंच. बिघडलं की नाही हे बरणी आडवी करून कळतं: चांगलं जीरावन वाळूसारखं घसरतं, ओल धरलेलं एकसंध सरकतं.

‘चमचा’ या शब्दावर अर्धा तास गेला. वहिनीचा चमचा म्हणजे भाजी वाढायचा, आईचा चमचा म्हणजे चहाचा. मेलमध्ये एकदाच लिहायचं: मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा.

१५ जुलै, मंगळवार

आजचा सगळा वेळ दुसरी मेल कधी जाणार यावर. प्रश्न किरकोळ दिसतो, पण पुढची मेल उघडली जाणार की नाही हे बरंचसं यावर आहे.

आधी मी लिहिलं होतं: ‘परवा संध्याकाळी पोहे.’ वाचायला छान, पण मेल मंगळवारी गेली आणि त्यांनी बुधवारी रात्री उघडली तर ‘परवा’ चुकलं. ‘उद्या’, ‘दोन दिवसांनी’, ‘येत्या’ ही सगळी वाचणाऱ्याच्या दिवसापासून मोजली जातात, पाठवणाऱ्याच्या नाही. म्हणून वाराचं नाव लिहायचं. वार शिळा होत नाही, निदान आठवडाभर तरी.

वार शनिवार, संध्याकाळी पाच. कारण पोहे रविवारी सकाळी होतात आणि शनिवारी संध्याकाळी माणूस घरात जाडे पोहे आहेत का हे बघू शकतो. सेवेत ‘अमुक वार येईपर्यंत थांब’ अशी पायरी आहे, ती लावली. मग दिसलं की शनिवारी दुपारी चारला नाव देणाऱ्याला एका तासात दुसरी मेल जाईल. बरणी भरायलाच वेळ नाही. आणि शनिवारी सहाला नाव देणारा आठवडाभर थांबेल.

म्हणून दोन वाटा केल्या. सोमवार ते गुरुवार नाव देणाऱ्यांना पोहे शनिवारी. शुक्रवार ते रविवार नाव देणाऱ्यांना मंगळवारी. मेलचा मजकूर तोच, फक्त वाराचा शब्द बदलतो. मंगळवारवाल्यांना रविवारचा नाश्ता मिळणार नाही, पण पोहे काही फक्त रविवारी होत नाहीत.

आणखी एक गुंता राहिला होता. बुधवारी नाव दिलं की त्याच दिवशी स्वागत, दुसऱ्या दिवशी गुरुवारचं नेहमीचं पत्र, शनिवारी पोहे. नवीन माणसाला इतक्या भराभर तीन मेल गेल्या तर तो वैतागेल, शिवाय जीरावनाचा धागा मधेच तुटेल. तेव्हा पोह्यांची मेल जाईपर्यंत नव्या माणसाला गुरुवारचं पत्र पाठवायचं नाही. यासाठी यादीत त्यांच्या नावाला ‘नवीन’ अशी खूण लावली. गुरुवारचं पत्र ती खूण असलेल्यांना वगळतं आणि पोहे गेले की खूण आपोआप निघते.

सोमवारी नाव देणाऱ्याला पाच दिवस थांबावं लागेल. वहिनी म्हणाली, मसाला वेलची आणायला तेवढे लागतातच. असू दे.

१७ जुलै, गुरुवार

विषयाची ओळ. ‘स्वागत आहे’ हे शब्द काढून टाकले, कारण बँकेपासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांच्या पहिल्या मेलवर तेच असतं. फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच खात्रीनं दिसतात, पुढचं कापलं जातं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कापलं जातं ते नेमकं काम सांगणारं असतं. ‘इंदूरच्या प्रसिद्ध चवदार जीरावन मसाल्याची घरगुती पाककृती’ हे फोनवर ‘इंदूरच्या प्रसिद्ध चवदार जी…’ एवढंच उरतं. त्यामुळे वाक्य लहान हवं आणि पदार्थाचं नाव अगदी पुढे.

ठरलेली ओळ: ‘आज जीरावन करा, शनिवारी लागेल’. दोन क्रियापदं आहेत, दोन्ही दिसतात. आणि शनिवारी काय, हा प्रश्न त्यातच येतो.

विषयापुढे फिकट अक्षरात एक ओळ दिसते. ती दिली नाही तर मेलचं ॲप मेलमधला पहिला मजकूर उचलतं. आमच्या गुरुवारच्या पत्रांत तिथे ‘हे पत्र नीट दिसत नसेल तर इथे दाबा’ असं दिसत होतं, म्हणजे उघडायच्या आधीच काहीतरी बिघडलंय अशी सूचना. सेवेत या ओळीसाठी वेगळी जागा आहे. ती नसेल तर मेलच्या अगदी वरती लपवलेला मजकूर टाकता येतो:

```
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
काकडीवर आजच भुरभुरून बघा.
</div>
```

पाठवणाऱ्याचं नाव आत्तापर्यंत पत्राचं होतं. नव्या माणसाला पत्राचं नाव लक्षात नसतं, बाईचं नाव असतं, कारण बहुतेक लोक वहिनीचा पदार्थ कुणाकडे तरी खाऊन किंवा महिला मंडळात तिचं बोलणं ऐकून नाव देतात. म्हणून वहिनीचं पहिलं नाव आणि पुढे ‘इंदूरहून’. गुरुवारच्या पत्रालाही तेच नाव लावायचं. दोन्हीकडे वेगळं ठेवलं तर ओळख झाली न झाली सारखीच.

२० जुलै, रविवार

मजकूर पक्का झाला. वहिनीच्या पहिल्या खर्ड्यात सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर चार परिच्छेद होते आणि पाककृती पाचव्यात. परिच्छेद सुरेख आहेत, ते एखाद्या गुरुवारी वापरू. इथे पाककृती फोनच्या पहिल्या पानावर दिसायला हवी.

जे जाणार आहे ते असं:

> नमस्कार,
>
> मी इंदूरहून लिहितेय. दर गुरुवारी आमच्या घरातला एक पदार्थ तुमच्याकडे येईल. त्याआधी एक छोटी बरणी भरून घेऊ.
>
> जीरावन
> (मोठा चमचा १५ मिली, छोटा ५ मिली)
>
> भाजायचं: धणे ४ मोठे चमचे, जिरे २ मोठे, बडीशेप १ मोठा, काळी मिरी १ छोटा, लवंगा ६, दालचिनी बोटाच्या पेराएवढी, मसाला वेलची १, तमालपत्र १, सुक्या लाल मिरच्या ४.
>
> नंतर मिसळायचं: आमचूर २ मोठे, काळं मीठ २ छोटे, साधं मीठ १ छोटा, सुंठ १ छोटा, हळद अर्धा छोटा, हिंग पाव छोटा.
>
> भाजायचं सगळं कोरड्या कढईत मंद आचेवर घ्या. धण्यांचा वास सुटला आणि मिरच्या कडक झाल्या की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलंत तर तिच्या उष्णतेनं करपेल. पूर्ण गार होऊ द्या, ताटाखाली हात लावून बघा. मग बारीक दळा, बाकीचं घाला, मिक्सर एकदाच फिरवा आणि कोरड्या बरणीत भरा.
>
> आज रात्री काकडीच्या चकत्यांवर किंवा पेरूवर घालून बघा. आंबट कमी वाटलं तर अर्धा छोटा चमचा आमचूर आणखी.
>
> शनिवारी संध्याकाळी ५ वाजता मी इंदुरी पोहे पाठवते, वाफेवर ठेवतात ते. वर हेच जीरावन लागेल. जाडे पोहे आणि बारीक शेव आणून ठेवा.
>
> एक सांगाल? तुमच्या घरी पोह्यांवर काय घालतात: शेव, ओलं खोबरं की नुसतं लिंबू? या मेलला उत्तर लिहा, मी वाचते.

खाली वहिनीचं नाव आणि ‘पत्र नको असेल तर इथे दाबा’. एवढंच. सामाजिक माध्यमांची चिन्हं काढली, जुन्या पाककृतींच्या लिंका काढल्या. वहिनीला एक तरी लिंक हवी होती. पण लिंक दिली की माणूस मेलमधून बाहेर जातो आणि शनिवारचं वाक्य वाचायचं राहून जातं.

प्रश्नाबद्दल थोडं. ‘तुमचा अभिप्राय कळवा’ला कुणी उत्तर देत नाही, कारण विचार करावा लागतो. शेव, खोबरं की लिंबू याला एका शब्दात उत्तर देता येतं आणि पोह्यांबद्दल ज्याला मत नाही असा मराठी माणूस मला माहीत नाही. उत्तर लिहिल्याचा एक फायदा मेलच्या बाजूनेही आहे: जीमेलमध्ये आपण ज्याला लिहितो तो पत्ता संपर्कांत नोंदला जातो, आणि ओळखीच्या पत्त्यावरून आलेली पुढची मेल प्रमोशन्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडायची शक्यता कमी होते. अर्थात त्यासाठी उत्तर खऱ्या पेटीत आलं पाहिजे. आमचा उत्तराचा पत्ता no-reply असाच होता. बदलला.

२२ जुलै, मंगळवार

तांत्रिक तपासणी. स्वतःला मेल पाठवली, जीमेलमध्ये तीन टिंबांच्या यादीतून मूळ मेसेज उघडला. मेल खरंच आपल्याच डोमेनची आहे का हे पडताळणाऱ्या SPF, DKIM, DMARC या तीन तपासण्या वरती दिसतात, तिन्हींपुढे PASS हवं. DKIM आमच्या डोमेनच्या नावानं होत नव्हतं, सेवेच्या डोमेनच्या नावानं होत होतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये सेवेनं दिलेल्या नोंदी घातल्यावर संध्याकाळपर्यंत आमच्या नावानं PASS आलं. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटण्याचे नियम कडक केले आहेत. गूगलच्या नियमांतला सर्वांत कडक भाग दिवसाला साधारण ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना लागू आहे. आम्ही त्याच्या जवळपासही नाही, पण हे करून ठेवलेलं बरं.

मेलचं वजनही पाहिलं. जीमेल साधारण १०२ केबीनंतर मजकूर कापतं आणि ‘नाव काढा’ची ओळ त्या कापलेल्या भागात जाते. मग वैतागलेला माणूस ती न शोधता थेट स्पॅम दाबतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, पण खरा भार त्याचा नसतो. वहिनी वर्डमधून चिकटवते आणि सोबत वर्डचं सगळं लपलेलं सामान येतं. साधा मजकूर म्हणून चिकटवलं की वजन एकदम उतरलं.

फोटो एकच, बरणीचा. फोटो बंद असणाऱ्यांना त्याजागी पर्यायी मजकूर दिसतो. तिथे ‘जीरावन फोटो’ असं न लिहिता ‘बरणीत जीरावन, रंग धण्यांहून किंचित गडद’ असं लिहिलं. फोटो न दिसता पाककृती करणाऱ्याला निदान रंग तरी कळेल. पोह्यांचा फोटो वहिनीला घालायचा होता, मी शनिवारसाठी राखून ठेवला.

२६ जुलै, शनिवार

चार घरांत चाचणी. पुण्याची भाची, रामबागेतल्या काकू, आईची सुदामानगरची मैत्रीण आणि माझा एक मित्र, जो चहासुद्धा बाहेर पितो.

भाचीनं जीरावन हे नाव आधी ऐकलं नव्हतं. विषय वाचून ती म्हणाली, “जिऱ्याचं काहीतरी असेल, तरी शनिवारी का लागेल ते बघायला उघडलं.” म्हणजे अनोळखी शब्दानं अडलं नाही. मसाला वेलची तिच्याकडे नव्हती, तिनं हिरव्या दोन घातल्या. वास गोडसर आला. मेलमध्ये जोडलं: ‘मसाला वेलची नसेल तर वगळा, हिरवी घालू नका.’

काकूंनी मेल छापून फ्रीजवर लावली, आणि छापल्यावर वर-खालचं सगळं मिळून दोन पानं झाली हे आवर्जून सांगितलं. पाककृती एका पानात बसावी म्हणून फोटो खाली सरकवला.

मित्रानं जीरावन केलं नाही. पण उत्तर लिहिलं: “शेव. आणि खोबरं घालणाऱ्यांना वेगळी मेल पाठवा.”

आजच्या संध्याकाळच्या पोह्यांच्या मेलची सुरुवातही त्यातून सुचली: ‘बरणी भरली का? भरली असेल तर एक छोटा चमचा बाजूला काढा.’ खाली कृती. जाडे पोहे चाळणीत भिजवून निथळायचे, फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप, हळद, हिरवी मिरची, शेवटी मीठ आणि जराशी साखर. मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून पोहे झाकायचे, म्हणजे तासभर मऊ राहतात. वर कांदा (आमच्याकडे सध्या नाही), शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू, जीरावन.

११ ऑगस्ट, सोमवार

स्वागताची नवी मेल पंधरवडाभर चालू आहे. किती जणांनी ‘उघडली’ हा आकडा सेवा दाखवते आणि तो फार गोड आहे, म्हणूनच मी तो वहिनीला दाखवत नाही. आयफोनच्या मेल ॲपमध्ये सप्टेंबर २०२१ पासून अशी सोय आहे की माणसानं मेल उघडो न उघडो, ॲपल त्यातली चित्रं आधीच ओढून ठेवतं. सेवेला वाटतं उघडली. तेव्हा तो आकडा बाजूला.

बघतो ते दोन गोष्टी. एक म्हणजे उत्तरं. धन्यवादाच्या मेलला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं, आता जवळजवळ रोज एखादं असतं. नागपूरच्या एका आजोबांनी पोह्यांवर तर्री घालतात असं तीन ओळींत ठणकावून सांगितलं. दुसरी गोष्ट म्हणजे पोह्यांच्या मेलमध्ये वरतीच दोन लिंका आहेत: ‘बरणी भरली’ आणि ‘अजून नाही’. कुणी दाबलं म्हणजे मेल नक्की वाचली आणि पहिली आठवली. अपवाद एकच. ऑफिसच्या पत्त्यांवर काही वेळा सुरक्षेचं सॉफ्टवेअर सगळ्या लिंका स्वतःच तपासतं. दोन्ही लिंका एकाच सेकंदाला दाबल्या गेलेल्या दिसल्या तर ते यंत्र धरायचं आणि मोजायचं नाही.

‘अजून नाही’ दाबणारे निम्म्याहून जास्त आहेत. वहिनी हिरमुसली. मला उलट वाटतं, जीरावन न करताही ते पोह्यांची मेल वाचायला आले. पण त्यांच्यासाठी काही नव्हतं, ‘वर जीरावन घाला’ वाचून तिथेच अडत होते. आता ‘अजून नाही’ दाबलं की उघडणाऱ्या पानावर झटपट पर्याय आहे: भाजलेल्या जिऱ्याची पूड एक छोटा चमचा, आमचूर अर्धा, काळं मीठ पाव, लाल तिखट आणि सुंठ चिमूटभर. चव जीरावनाची नाही, जवळची आहे, आणि वहिनीनं तसंच लिहिलंय.

मंगळवारच्या वाटेवर ‘अजून नाही’चं प्रमाण जास्त दिसतंय. शनिवार-रविवारी नाव देणारे मंगळवारपर्यंत किराणा आणत नसावेत. त्यांच्यासाठी पोहे बुधवारी पाठवून बघायचं. मग दुसऱ्याच दिवशी गुरुवारचं पत्र येतं, तेव्हा त्यांची ‘नवीन’ ही खूण शुक्रवारी काढायची.

गुरुवारी भुट्ट्याचा कीस जाणार आहे. त्यात शेवटी जीरावन येतं, तिथे एका ओळीत पहिल्या मेलची आठवण द्यायची, म्हणजे जुन्या वाचकांनाही पाककृती मागता येईल. कणसं बुधवारी सकाळी आणायची, फोटो दुपारच्या आत, पाऊस उघडला तर गच्चीवर.